वर्षभरात पाचच किलो वाढलो, एक कोर्स मारू का?

"मॅडम, वय १९. घर खानापूर तालुक्यात, कॉलेज बेळगावात. वर्षभर जिम चुकवली नाही, तरी पाचच किलो वाढलो. जिममधला सीनियर म्हणतो, नुसत्या खाण्यावर दहा वर्षं लागतील, स्टेरॉइडचा एक कोर्स मार. एकदाच केलं तर खरंच काही बिघडतं का?"

वडगावचा एक मुलगा माझ्याकडे आला तो कोर्स संपवूनच. त्याला संदीप म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय २०, वडील यंत्रमागावर कामाला. आईनंच हाताला धरून आणलं होतं. "कॉलेजला जाईना, जेवायला वाढलं की ताट सारतंय बघा," एवढं सांगून ती बाहेर जाऊन बसली. ऐन एप्रिलात त्याच्या अंगात जाड जॅकेट होतं आणि दोन्ही हात छातीवर घट्ट बांधलेले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. जिम सुरू केली तेव्हा वजन ५७ किलो होतं, वर्षात ६२ झालं. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या स्पर्धेत उतरायचं मनात होतं आणि त्या हिशेबानं पाच किलो त्याला काहीच वाटले नाहीत. मग ओळखीतल्या एकानं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि डायनाबॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या आणून दिल्या. बारा आठवड्यांत वजन ७१ वर गेलं, बाह्या फाटायला आल्या, लोक वळून बघू लागले. कोर्स बंद झाल्यावर सात आठवड्यांत काटा ६५ वर आला होता.

औषध काम करत नाही असं मी त्याला सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. १९९६ मध्ये अमेरिकेत झालेला एक गाजलेला प्रयोग आहे. सरावातल्या पुरुषांपैकी काहींना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉनचा मोठा डोस दिला. औषधाशिवाय नुसता व्यायाम केलेल्यांचं चरबी सोडून वजन सुमारे २ किलोंनी वाढलं, व्यायाम न करता नुसतं औषध घेतलेल्यांचं ३ किलोंनी आणि दोन्ही केलेल्यांचं ६ किलोंनी. म्हणजे पडून राहणारा माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. तुमच्या मोबाइलवर जी शरीरं दिसतात त्यातली कितीतरी अशी घडलेली असतात. त्यांच्या मापानं स्वतःला मोजलं तर कुणाचंही कष्टाचं शरीर कमीच भरेल.

मात्र डायनाबॉल अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. संदीपच्या नऊ किलोंतला मोठा भाग तोच होता आणि गोळी थांबताच तो उतरला. पुढचं नुकसान वेगळ्या कारणानं झालं. बाहेरून हार्मोन भरपूर येतंय हे कळलं की मेंदू वृषणांना इशारा देणं बंद करतो. वृषणं आकसतात, वीर्यातले शुक्राणू घटत जातात, कधी शून्यावर येतात. कोर्स संपल्यावर बाहेरचं हार्मोन थांबतं, पण आतलं लगेच सुरू होत नाही. मधले महिने मुलगा दोन्हीकडून रिकामा असतो. मी त्याला हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन तर खाली होतंच, पण मेंदूकडून इशारा नेणारी एलएच आणि एफएसएच ही दोन्ही हार्मोनंही जवळपास तळाला होती. ही तिन्ही एकदम खाली दिसली की बंद पडण्याची सुरुवात वरून झाली, हे डॉक्टरांना कळतं.

ताट सारणं, अंथरुणातून न उठणं, कशातच मन न लागणं हे त्याच रिकाम्या काळातलं. त्याच्या आईला तो आळस वाटत होता, त्याला स्वतःला आपण संपलो असं वाटत होतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मी अशा प्रत्येक मुलाला सरळ विचारते. त्यालाही येत होता. म्हणून त्या दिवशी त्याला एकटं घरी न सोडता आईशी बोलले आणि मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. तुमच्यापैकी कुणाला असे विचार येत असतील तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस मोफत आहे.

आणि जॅकेट? जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, त्यानं स्तनाग्राखाली गाठ धरते. त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचोक्याएवढी, दाबलं की दुखणारी गाठ होती. सुरुवातीलाच दाखवलं तर काही वेळा औषधानं ती कमी होते. जुनी होऊन घट्ट झाली की शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. त्याचं हार्मोन जाग्यावर यायला नऊ महिने गेले, गाठ मात्र राहिली. कुणाला याहून लवकर बरं वाटतं, कुणाला वर्षाच्यावर लागतं, आणि आपण कुठल्या गटात हे आधी कळत नाही. यकृतावर येणारा ताण, चांगल्या कोलेस्टेरॉलची घसरण, घट्ट होणारं रक्त, जाड होणारी हृदयाची भिंत, हे तर आरशात दिसतच नाही.

आता तुमचे पाच किलो. नीट व्यायाम, पोटभर खाणं आणि झोप जमली तर पहिल्या वर्षी तरुण मुलाच्या अंगावर ढोबळमानानं चार ते सात किलो स्नायू चढतात. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मे, तिसऱ्या वर्षी त्याच्याही निम्मे, पुढे वर्षाला किलोभर मिळालं तरी पुष्कळ. तुमच्या पाचांत थोडी चरबी आणि पाणी असेल, तरी तुम्ही मागे पडलेले नाही. दहा वर्षांचा हिशेबही बरोबर नाही, कारण मिळण्यासारखं बहुतेक पहिल्या तीन-चार वर्षांतच मिळतं. उंची, हाडांची ठेवण आणि आईवडिलांकडून आलेली प्रकृती यांमुळे दोन मित्रांत फरक राहणार, तो कोर्सनं पुसायला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र तपासा. संदीप दिवसभरात खायचा काय, हे मी लिहून घेतलं होतं: सकाळी पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री आमटी-भात. यातून जेमतेम ४५ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. ६० किलोच्या मुलाला वजन उचलत असताना ९५ ग्रॅमच्या आसपास लागतात. चार अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाचंक्स आणि मूठभर शेंगदाणे रोजच्या जेवणात वाढवले की तेवढी भरून वर उरतातही. पावडरच्या डब्यासाठी कर्ज काढायची गरज नाही. वजन रोज बघून जीव जाळू नका. रोजची नोंद ठेवा आणि आठवड्याची सरासरी महिन्याला ताडून बघा. वहीत स्क्वॉटचं वजनही लिहा. गेल्या वर्षी ४० किलोंवर पाय थरथरत होते आणि आज ७० उचलताय, तर काटा हलला नाही तरी स्नायू घडतोय.

ज्यांनी आधीच सुई घेतली आहे त्यांनी डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली, गोळ्यांचं पाकीट जे असेल ते घेऊन जा. बाटलीवर लिहिलेलंच आत असेल याची खात्री नसते, तीही गोष्ट डॉक्टरांना सांगा. सुई कुणाबरोबर वाटून वापरली असेल तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी मागून घ्या. आणि 'कोर्स उतरवायच्या' म्हणून ज्या गोळ्या तोच विकणारा देतो, त्या हार्मोनचा रिपोर्ट हातात येईपर्यंत घेऊ नका.