क्षारसूत्र की ऑपरेशन? आधी दुखणं नेमकं कुठलं ते बघू

"मॅडम, मूळव्याध आहे, मोड हाताने आत ढकलावा लागतो. ऑपरेशनची भीती वाटते. क्षारसूत्राने कायमचं जातं का? त्रास किती होतो?"

असंच विचारायला शिलाईकाम करणारे एक काका आले होते. वय पन्नाशीच्या पुढं, शुगर आहे, आणि रक्त पडतंय तेही बऱ्याच महिन्यांपासून. मी आधी विचारलं, आत तपासून कोणी बघितलंय का? तर नाही, मेडिकलवाल्याने मलम दिलं होतं आणि तेच चाललेलं. आपल्याकडं तिथलं कुठलंही दुखणं म्हणजे मूळव्याधच, मग फिशर म्हणजे तिथली चीर असो, भगंदर म्हणजे आतून बाहेर कातडीपर्यंत झालेली पू वाहणारी नळी असो नाहीतर आतड्याची गाठ. म्हणून या वयात रक्त पडत असेल तर क्षारसूत्राचा औषधी दोरा बांधायच्या आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, करा असं मी हट्टाने सांगते. काकांनी केली, सुदैवाने आत काही निघालं नाही.

आता क्षारसूत्राचं. लिननच्या दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ लेप देतात. भगंदरात तो नळीतून ओवून आठवड्याला बदलतात, आणि तिथं त्याचा पुरावा चांगला आहे. आयसीएमआरच्या १९९१च्या अभ्यासात वर्षभरात आजार परत येण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, ऑपरेशनमध्ये ११ टक्के, पण जखम भरायला ४ ऐवजी ८ आठवडे लागले. हे आकडे भगंदराचे आहेत, जाहिरातवाले तेच मूळव्याधाला लावतात ते चुकीचं.

मूळव्याधात भूल देऊन मोडाच्या मुळाशी सुईने दोरा ओवून घट्ट बांधतात, साधारण आठवड्यात मोड सुकून गळतो, जखम भरायला पुढं काही आठवडे जातात. म्हणजे हीही छोटी शस्त्रक्रियाच की! पहिले काही दिवस चांगलंच दुखतं, दोऱ्यात बाहेरची कातडी आली तर असह्य. रक्तस्राव, इन्फेक्शन होऊ शकतं, जास्त कातडी गेली तर वाट अरुंद होते. आणि कायमचं जाईलच अशी गॅरंटी नाही, कुंथायची सवय राहिली तर नवे मोड येतात.

काकांना म्हटलं, शुगर आटोक्यात आणा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि भूल, इमर्जन्सीची सोय असलेल्या ठिकाणी आयुर्वेदातल्या शल्यतंत्राच्या एमएस डॉक्टरांकडंच जा. 'एका दिवसात मुळासकट' असा बोर्ड लावून मोडावर कसलीशी पावडर लावणारे, इंजेक्शन टोचणारे असतात ना, तिथं अजिबात नको, आजूबाजूचं मांस सडून आलेले पेशंट बघितलेत मी.

मोड बाहेर येत नसेल, नुसतं रक्त पडत असेल तर बहुतेकदा दोऱ्याची गरजच नसते. इसबगोल, भरपूर पाणी, संडासात मोबाईल घेऊन बसणं बंद, एवढ्यानं बऱ्याच जणांचं रक्त कमी होतं.

काकांनी शेवटी क्षारसूत्रच केलं. घरी जाताना मुलाला वेगळं सांगितलं, ताप आला, लघवी अडकली, दुखणं रोज वाढत गेलं किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर सकाळची वाट न बघता रात्रीच घेऊन या.