कॉम्प्रेसर लीकेजच्या कामाची केस स्टडी: कुठल्या स्लाइडवर काय घालावं

प्रश्न: बेळगावात उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत कॉम्प्रेसर लाइनचं लीकेज काढायचं काम करतो. पुढच्या महिन्यात एका मशीन शॉपचं काम सुरू होतंय. ते झालं की कोल्हापूर आणि हुबळीच्या पार्ट्यांना दाखवायला आधी काय होतं, काय केलं, किती फरक पडला अशा स्लाइड करायच्या आहेत. काय घालू आणि कुठल्या क्रमाने?

उत्तर:

काम अजून सुरू व्हायचंय हे बरं झालं. यातली सगळ्यात महत्त्वाची स्लाइड कामाच्या आधीच तयार होते. पहिलं लीकेज बंद केलं की ‘आधी’चं मोजमाप पुन्हा कुठून मिळणार? तेव्हा पाना हातात घ्यायच्या आधी दोन मोजमापं करून ठेवा.

पहिलं लोड-अनलोडचं. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा कोणीच वापरत नसताना तो जितका वेळ लोडवर जातो, तितकी हवा गळते आहे. घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्यांची सरासरी काढा. समजा, २२० सीएफएमचा ५० एचपी स्क्रू कॉम्प्रेसर आहे आणि तो ४२ सेकंद लोड, ७८ सेकंद अनलोड असा चालतो. ४२ भागिले १२० म्हणजे ३५ टक्के, म्हणजे ७७ सीएफएम हवा नुसती गळतीत जाते. (इथले सगळे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही मोजा.)

दुसरं मोजमाप विजेचं. कॉम्प्रेसरच्या फीडरवर वेगळा एनर्जी मीटर बसवा आणि निदान दोन आठवडे रोज एकाच वेळी रीडिंग घ्या. बाजूला त्या दिवशीचं उत्पादन आणि चाललेले तासही लिहा. फक्त हेस्कॉमच्या बिलावर भिस्त ठेवू नका. त्यात अख्ख्या कारखान्याची वीज असते, आणि एखादी मोठी ऑर्डर आली किंवा गेली की तुमच्या कामाचा फरक त्यात दिसेनासा होतो. दोन्ही बाजूंचे आठवडे सारख्या कामाचे निवडा. गणेशोत्सवात किंवा दिवाळीत आपल्याकडे अर्धा कारखाना सुट्टीवर असतो. तो आठवडा ‘नंतर’मध्ये आला तर युनिट आपोआप कमी दिसतील, आणि समोरचा मालक ते पहिल्या मिनिटात ओळखेल.

आता स्लाइड. मी सहाच्या वर जात नाही. प्रत्येक स्लाइडचं शीर्षक पूर्ण वाक्य असू द्या. ‘समस्या’, ‘उपाय’, ‘निष्कर्ष’ अशा शीर्षकांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य: ‘दोन शिफ्टच्या मशीन शॉपमध्ये कॉम्प्रेसरची वीज आठवड्याला ७८५ युनिटने कमी झाली.’ खाली कारखान्याची ओळख दोन ओळींत.

दुसऱ्या स्लाइडवर आधीची स्थिती. ती ग्राहकाच्या तक्रारीपासून सुरू करा, कारण त्याने तुम्हाला लीकेजसाठी बोलावलेलंच नसतं. शेवटच्या मशीनला प्रेशर पुरत नाही, दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा लागेल, असं तो म्हणत असतो. त्याचं ते वाक्य आणि खाली ३५ टक्क्यांचा आकडा. एवढ्याने वाचणाऱ्याला स्वतःच्या कारखान्यातली शेवटची मशीन आठवते.

तिसरी स्लाइड कामाची, आणि तिथेच बहुतेक जण भरकटतात. केलेली चाळीस कामं एकाखाली एक लिहिली तर कोणी वाचत नाही. जागांचे तीन-चार गट करा: क्विक कपलर आणि होज क्लिप, एफआरएलचे बाऊल, सिलिंडरची सील, रिसीव्हरचा अडकलेला ऑटो ड्रेन. प्रत्येक गटासमोर किती जागा सापडल्या ते लिहा. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आणि टॅग लावलेला जोड असा एकच फोटो पुरतो. त्याच काळात मालकाने जुनी मशीन काढली असेल किंवा तुम्ही प्रेशरची सेटिंग उतरवली असेल, तर तेही इथेच लिहा. एक बार प्रेशर कमी केलं की सहा-सात टक्के वीज तशीच वाचते. ते श्रेय लीकेजच्या कामात मिसळलं तर पुढच्या कारखान्यात तुमचा आकडा जुळणार नाही.

चौथी स्लाइड निकालाची. मोजमाप तेच, पद्धत तीच, क्रमही तोच. समजा कामानंतर १४ सेकंद लोड, १०६ सेकंद अनलोड आलं. लीकेज ३५ वरून सुमारे १२ टक्क्यांवर आलं, म्हणजे ५१ सीएफएम वाचले. इथे एक हिशेब जपून करा. कॉम्प्रेसर लोडवर ४० किलोवॅट घेतो म्हणून वाचलेल्या हवेच्या प्रमाणात थेट गुणाकार केला, तर ९.३ किलोवॅट येतात. आठवड्याला १२० तास धरले तर १,१२० युनिट. मीटर मात्र इतकं दाखवणार नाही, कारण अनलोड असतानाही मोटर फिरत असते आणि साधारण १२ किलोवॅट घेते. खरा फरक ४० आणि १२ मधला, म्हणजे २८ किलोवॅटचा. त्याच्या २३.३ टक्के म्हणजे साडेसहा किलोवॅट, आणि आठवड्याला ७८५ युनिट. मीटरवर ४,१३० वरून ३,३४५ दिसले की हिशेब जुळला. स्लाइडवर मीटरचाच आकडा घाला, जवळ मीटरचा फोटो आणि दोन्ही आठवड्यांचं उत्पादन. १,१२० आकर्षक दिसतो, पण कुठल्याही जाणत्या मेंटेनन्सवाल्यासमोर तो टिकत नाही.

पैशांची स्लाइड पाचवी. तुमच्या प्रश्नात कोल्हापूर आणि हुबळी दोन्ही आहेत, म्हणून सांगतो: आधी युनिट, मग रुपये. हुबळीला हेस्कॉमचाच दर लागतो, पण कोल्हापूरला महावितरणचा, आणि तिथला मालक तुमचे रुपये बघून ‘आमच्याकडे असं नाही’ म्हणेल. युनिट दिले तर तो स्वतःच्या दराने गुणून घेईल. दर स्लाइडवर लिहा, आणि तो फक्त ऊर्जा आकाराचा धरा. पूर्ण बिलाला युनिटने भागू नका. त्यात डिमांड चार्ज असतो आणि तो या कामाने सहसा कमी होत नाही. ८ रुपये धरले तर आठवड्याला ६,२८० रुपये. कामाचा खर्च ८० हजार असेल तर तो सुमारे तेरा आठवड्यांत निघतो.

सहावी स्लाइड फार थोडे जण करतात, आणि माझ्या मते काम मिळवून देणारी हीच. तीन महिन्यांनी सुट्टीच्या दिवशी तीच लोड-अनलोड चाचणी पुन्हा घ्या. लीकेज थोडं वाढलेलं असेल. कपलर झिजतात, ऑपरेटर नवीन होज जोडतात. ते १२ वरून १५ टक्क्यांवर गेलं असेल तर तसंच लिहा, वाढ कुठल्या गटात झाली ते सांगा आणि वर्षातून किती वेळा तपासणी लागते ते तिथेच मांडा. आम्ही एकदा केलं की कायमचं बंद, असं म्हणणाऱ्यावर कारखानदार विश्वास ठेवत नाही, कारण त्याच्या कानाला रोज फुसफुस ऐकू येत असते.

ग्राहकाचं नाव, फोटो आणि आकडे वापरायची परवानगी लेखी घ्या, तीही स्लाइड पूर्ण दाखवून. उद्यमबागेत नाव झाकलं तरी कॉम्प्रेसर आणि शिफ्ट वाचून लोक कारखाना ओळखतात. त्याने एखादा आकडा काढायला सांगितला तर काढा. उत्पादनाचा आकडा द्यायला तो बहुधा नाही म्हणेल. मग आधीच्या आठवड्याचं उत्पादन १०० धरून नंतरचं त्या प्रमाणात लिहा. तुलना तशीच राहते आणि त्याचा व्यवसाय उघडा पडत नाही.