चिया, सब्जा आणि जवस : फोटोवरून कसं ओळखायचं?

प्रश्न : सासूबाई गावाला गेल्यात आणि तीन डब्यांत बिया भरून ठेवल्यात, लेबल कशालाच नाही. फोटो टाकलाय. यातल्या चिया कुठल्या, सब्जा कुठला आणि जवस कुठलं? आणि कुठलं कसं खायचं?

डावीकडच्या डब्यात जवस आहे, त्यात शंकाच नाही. मधल्या डब्यात चिया आहेत असं मला नव्वद टक्के वाटतंय आणि उजवीकडचा सब्जा. पण मधला आणि उजवा हे दोन फोटोवर सोडू नका, पाण्यात टाकून बघा, कसं ते खाली लिहिते. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, घरगुती चटण्यांचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळं जवस तर माझ्या हातातनं रोज जातं आणि बाकीच्या दोन्हीत लोकांचा किती घोळ होतो तेही रोज बघते.

जवस ओळखायला सोपं कारण ते मोठं असतं. तिळापेक्षा थोडं मोठं, चपटं, एका टोकाला निमुळतं, आणि पॉलिश केल्यासारखी तपकिरी चमक. सफरचंदाची बी एकदम लहान करून दाबली तर जशी दिसेल तसं. सोनेरी जवसही मिळतं पण आपल्याकडं बाजारात जास्त करून तपकिरीच. मूठभर हातात घेतलं तर बोटांतनं सरसर घसरतं. तुमच्या फोटोत डाव्या डब्यात प्रत्येक दाण्यावर लाइटचा एक पांढरा ठिपका दिसतोय बघा, तो त्या गुळगुळीत सालीचा.

आता चिया आणि सब्जा. दोन्ही बारीक, लांबून दोन्ही काळेच दिसतात आणि मोबाईल तर आपणहूनच फोटो गडद करून टाकतो, मग फरक पुसला जातो. खरी खूण रंगात आहे पण एका दाण्याच्या नाही, अख्ख्या ढिगाच्या रंगात. सब्जाचा ढीग एकसारखा काळा असतो, मंद, कोळशाच्या भुकटीसारखा, चमक जवळजवळ नाहीच. चियाच्या ढिगात सगळे दाणे कधीच एका रंगाचे नसतात, काही करडे, काही तपकिरी, काही काळपट, मधेच एखादा पांढरा, आणि जवळनं बघितलं तर एकेका दाण्यावर बारीक नक्षी असते, लाव्याच्या अंड्यावर असते तशी ठिपक्याठिपक्यांची. आकारही वेगळा, चिया गुबगुबीत अंडाकृती आणि गुळगुळीत, सब्जा थोडा लांबट, थेंबासारखा.

तुमच्या मधल्या डब्यात मला करडे दाणे दिसताहेत म्हणून मी चिया म्हटलं. पण फ्लॅश मारलाय तुम्ही, आणि फ्लॅशमध्ये सब्जासुद्धा करडा दिसतो, म्हणून ते दहा टक्के बाकी ठेवलेत. परत फोटो काढायचा असेल तर फ्लॅश बंद करा, खिडकीशी पांढऱ्या कागदावर प्रत्येकातली चिमूटभर पसरा, ढीग नको, सुटे दाणे हवेत, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो.

पण पाण्याची परीक्षा सगळ्यात भारी. तीन काचेचे ग्लास घ्या, स्टीलचे नको कारण आत दिसत नाही. प्रत्येकात अर्धा कप साधं पाणी आणि एकेक छोटा चमचा बी, घड्याळ बघून एकदमच टाका.

सब्जा सगळ्यात आधी बोलतो. दोन-तीन मिनिटांतच प्रत्येक दाण्याभोवती पांढुरकं, निळसर झाक असलेलं कवच दिसायला लागतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो टपोरा होतो, मधे काळा ठिपका आणि भोवती जेली, बेडकाच्या अंड्यांसारखा दिसतो म्हणा ना. दाणे एकमेकांपासून सुटे राहतात. चिया मात्र सावकाश. त्यांच्याभोवतीही जेली येते पण बारीक आणि पारदर्शक, दाण्याचा करडा रंग तसाच दिसत राहतो, आणि अर्ध्या तासानं ग्लास हलवला तर सगळं पाणीच दाटसर झालेलं असतं, दाणे एकमेकांना धरून बसतात. जवस तळाशी जसंच्या तसं पडून राहतं, फुगल्यासारखं दिसतच नाही, पण तासाभरानं बोट घालून बघा, पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत लागतं. मधल्या डब्यातले काही दाणे पटकन पांढरे टपोरे झाले आणि बाकीचे मागे राहिले तर समजायचं की चियात सब्जा मिसळलाय. असं होतं, चिया सहसा महाग असतात ना.

हे सगळं मी शिकले ते चैत्राच्या हळदीकुंकवाला. घरी बायका येणार म्हणून दोन लिटर लिंबू सरबत केलं, डब्यात सब्जा आहे समजून त्यातले चार मोठे चमचे दुपारीच घालून ठेवले आणि मी कैरीची डाळ वाटायला गेले. दोन-अडीच तासांनी धाकटी जाऊ ग्लास भरायला गेली आणि तिथनंच ओरडली, "अगं वैनी, हे सरबत ओतलंच जाईना झालंय की!" तळाशी बियांचा गोळा झालेला आणि वरचं पाणी पातळ खळीसारखं. त्या चिया होत्या, दुकानात सब्जा मागितला होता आणि पुडी बांधताना बदललेली. बायका उंबऱ्यात येऊन थांबल्या आणि आम्ही दोघी गाळणीनं गाळत बसलो, इतकं वाईट वाटलं मला त्या दिवशी. तेव्हापासनं नवीन पुडी आली की आधी एक चमचा ग्लासात.

दुकानात घोळ होण्याचं एक कारण नावंही आहेत. आपल्या भागात निम्मी नावं कानडी. सब्जाला कामकस्तुरी म्हणतात, जवसाला अगसी. मराठीत जवसाला अळशी पण म्हणतात आणि बाळंतिणीच्या लाडवात घालतात ते अळीव, ते वेगळंच, लालसर लांबट बी असतं. अळशी मागितली आणि अळीव मिळालं असं मी स्वतः बघितलंय. म्हणून कानडी दुकानदार असेल तर सरळ अगसी म्हणा, मराठी असेल तर जवस म्हणा. चियाला मात्र सगळीकडं चियाच, ते मूळचं मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं पीक, आपल्याकडं जुनं नाव असणार कुठनं. पण आता ते आपल्याच राज्यात म्हैसूरकडं शेतात पिकतं.

आता खायचं कसं.

सब्जा नेहमी भिजवूनच. कोरडा कडक असतो, दातात अडकतो आणि चवही लागत नाही. माणशी छोटा अर्धा चमचा, पंधरा मिनिटं पाण्यात भिजवायचा आणि मग लिंबू सरबत, कोकम सरबत, गुलाबाचं दूध किंवा फालुदा, ज्यात हवा त्यात वरनं घालायचा. शिजवत वगैरे नाहीत. उन्हाळ्याचं काम हे, बाकी वर्षभर डबा तसाच पडून असतो आमच्याकडं.

चिया दुधात किंवा दह्यात. एक कप दुधाला दोन मोठे चमचे, आणि घातल्यावर पाच-दहा मिनिटांनी परत एकदा ढवळायचं, हे विसरलात की गुठळ्या झाल्याच समजा. मग रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी खिरीसारखं घट्ट होतं, त्यात केळं किंवा आंबा. उपम्यावर नाहीतर कोशिंबिरीवर कोरड्या भुरभुरल्या तर चालतात कारण त्या मऊ चावल्या जातात. पण कोरड्या चियाचा चमचा तोंडात टाकून वर पाणी प्यायचं हे मात्र कधीच करू नका. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असा एक रुग्ण नोंदवलाय, 39 वर्षांचा माणूस, चमचाभर कोरड्या चिया खाऊन पाणी प्याला आणि त्या अन्ननलिकेत फुगून बसल्या, दुर्बीण घालून काढायला लागल्या. त्याला आधीपासनं गिळायचा त्रास होता. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर नीट भिजवूनच द्या.

जवस अख्खं खाऊन काही उपयोग नाही, साल इतकी टणक की चावलं नाही तर जसं गेलं तसंच बाहेर येतं. भाजायचं आणि कुटायचं. आणि त्याची खरी जागा म्हणजे ज्वारीच्या भाकरीशेजारी, चटणी म्हणून. एक वाटी जवस जाड कढईत मंद आचेवर कोरडंच भाजा. आधी काही होत नाही, मग एकदम तडतडायला लागतं आणि दाणे उडतात, तो आवाज कमी होत आला की उतरवा, जास्त भाजलं की कडू. त्याच कढईत आठ-दहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर जिरं, चिंचेचं छोटं बुटुक गरम करून घ्या. सगळं पूर्ण गार झाल्यावर मीठ आणि दहा-बारा लसणाच्या पाकळ्या घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलात तर जवसाला तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो, ती रवाळ राहायला पाहिजे. भाकरी, वर चटणी, त्यात खड्डा करून शेंगतेल, नाहीतर घट्ट दही. दिवसाला एक-दोन चमचे पुरे, आणि कच्चं जवस मुठी मुठी खाऊ नये.

कुटलेलं जवस लवकर खवट होतं. मी एका वेळी पंधरा दिवसांचंच करते आणि बाटली फ्रिजमध्ये. खवट झालेलं नाकाला कळतं, ऑइलपेंटसारखा वास येतो. जवसाचंच तेल रंगात आणि व्हार्निशात घालतात ना, तोच वास. तसा आला तर टाकून द्या, भाजून सुधारत नाही ते. तुमच्या डाव्या डब्यातलं जवस सासूबाईंनी कधी भरलंय माहीत नाही, तर चटणी करायच्या आधी चार दाणे चावून बघा. शेंगदाणा-अक्रोडासारखं लागलं तर चांगलं, जिभेवर कडवट राहिलं तर जुनं.

आणि मधल्या डब्यातलं भिजवलंत की पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासानं असे दोन फोटो इथंच टाका, बघून नक्की सांगते.