सही करण्याआधी डोकी मोज

प्रिय पोरी,

तुझा हिशेब वाचला. जागा आवडली आहे, मालक भाडेकरारावर सहीची घाई करतोय आणि दिवसाला बारा गिऱ्हाइकं आली की युनिसेक्स सलोन ना नफा ना तोटा चालेल, असं तू लिहिलंस. मग रात्री झोप का येत नाही, हेही विचारलंस. झोप येत नाही कारण तो बारा आकडा खोटा आहे, आणि हे तुला आतून कळलेलं आहे.

तू महिन्याचा ठरलेला खर्च घेतलास आणि त्याला सरासरी बिलाने भागलंस. मी तेच आकडे सोपे करून घेते, म्हणजे चूक कुठे आहे ते दिसेल. भाडं १२,०००, मेंटेनन्स १,५००, तिघा स्टायलिस्टचे बांधलेले पगार १५,०००. वीज, पाणी, विमा, फोन, बुकिंगचं सॉफ्टवेअर मिळून ३,५००. सजावट आणि प्लंबिंगसाठी गेलेल्या पैशाचा महिन्याचा वाटा २,०००. आणि तुझा स्वतःचा पगार ५,०००. तू दिवसभर तिथे उभी राहणार आहेस, तर ते फुकट का? एकूण ३९,०००. तुझं सरासरी बिल १३२. भागाकार केला की महिन्याला २९६ बिलं, सव्वीस दिवसांत वाटली की रोज बारा.

पण १३२ तुझ्या हातात राहत नाहीत. प्रत्येक बिलाबरोबर स्टायलिस्टचं कमिशन जातं, रंगाची ट्यूब, डेव्हलपर, फॉइल, शांपू, टॉवेलची धुलाई, कार्डाचं शुल्क जातं. दरपत्रकातल्या दरात कर धरला असशील तर तो आधीच बाजूला काढ, तो तुझा नाहीच. साध्या कटचं बिल ६० असेल आणि त्यातले १८ जात असतील, तर उरतात ४२. रंगाचं बिल ३००, पण जातात १५०. उरतात १५०. तुझ्या हिशेबाप्रमाणे शंभरातले सत्तर कटला आणि तीस रंगाला आले, तर एका गिऱ्हाइकामागे सरासरी ७४.४ उरतात. भागायचं याने. ३९,००० भागिले ७४.४, म्हणजे महिन्याला साधारण ५२५ बिलं. रोज एकवीस डोकी. बारा नव्हे, एकवीस.

मी पैशात बोलू देत नाही, डोक्यांत बोलायला लावते, म्हणून माझ्याबरोबर काम केलेली माणसं कंटाळतात. कंटाळू देत. भाडं १२,००० हा आकडा काहीच सांगत नाही. तेच १६१ गिऱ्हाइकं म्हण, आणि मग लक्षात येतं की रोज दार उघडल्यावर येणारी पहिली सहा माणसं मालकाची आहेत. दुसऱ्या वर्षी भाडं दहा टक्के वाढलं की महिन्याला आणखी सोळा डोकी. करारातल्या प्रत्येक ओळीला हाच प्रश्न विचार: याची डोकी किती?

आता युनिसेक्सचं खास दुखणं. ते सत्तर-तीसचं प्रमाण तू कुठून आणलंस? मनातून. समज पुरुषांचे झटपट कटच जास्त आले आणि प्रमाण नव्वद-दहा झालं. तर गिऱ्हाइकामागे उरतात ५२.८ आणि लागतात ७३९ बिलं, रोज जवळजवळ एकोणतीस. भाडं तेच, पगार तेच, पाटीही तीच, तरी रोजची आठ डोकी वाढली. म्हणून ना नफा ना तोट्याचा एकच आकडा, एकच ब्रेक-इव्हन काढून थांबू नकोस. तुला हवं असलेलं प्रमाण आणि नको असलेलं प्रमाण, दोन्ही मांड. नको असलेल्यावरही तगून राहता येत असेल तरच पुढे बोल.

उलटी चूकही होते. रंगाचं मोठं बिल बघून वाटतं, हेच वाढवू. पण कट अर्ध्या तासात ४२ देतो, म्हणजे तासाला ८४. रंग अडीच तासांत १५० देतो, म्हणजे तासाला ६०. तुझ्या पहिल्या प्रमाणात एका गिऱ्हाइकाला सरासरी एक तास सहा मिनिटं लागतात, म्हणजे ५२५ जणांना साधारण ५७७ तास. तिघे जण रोज नऊ तास, सव्वीस दिवस, म्हणजे ७०२ तास. शंभरातले ब्याऐंशी तास हात गुंतलेले हवेत, आणि तेही फक्त बरोबरीत येण्यासाठी! नव्या सलोनला हे जमत नाही. आठवड्यातल्या सकाळी खुर्च्या रिकाम्या असतात आणि सुट्टीच्या संध्याकाळी सगळे एकदम येतात.

यावर उपाय आहे. रंग लावून झाला की तो बसायला पाऊण तास लागतो. त्या वेळात खुर्ची अडकलेली असते, पण स्टायलिस्ट मोकळा असतो. चौथी खुर्ची असेल तर तो दुसऱ्याचा कट करतो, आणि हातांचे तास ५७७ वरून ४६० च्या आसपास येतात. म्हणजे शंभरातले पासष्ट. म्हणून तिघांना चार खुर्च्या बसतील का, दुसरं बेसिन बसेल का, त्याची सांडपाण्याची लाइन निघेल का आणि विजेचा लोड एका वेळी चालणारे ड्रायर पेलेल का, हे सही करायच्या आधी प्लंबर आणि वायरमनला जागेवर नेऊन विचार. मालकाला विचारू नकोस.

मला एकदा कोपऱ्यावरची, दोन रस्त्यांना काच असलेली जागा मिळत होती. डोकी मोजली, बसेनात. मी नाही म्हटलं. माझी भागीदारीण चिडली, घाबरट म्हणाली आणि वेगळी झाली. तिच्यासारखे हात मला पुन्हा मिळाले नाहीत, याचं दुःख आजही आहे. पण आजही मी नाहीच म्हणेन. काचेतून दिसणारी माणसं आणि खुर्चीत बसणारी माणसं वेगळी असतात, आणि तिला मी हे शेवटपर्यंत समजावू शकले नाही.

राहिला पहिल्या सहा महिन्यांचा खड्डा. ५२५ पहिल्या महिन्यात येणार नाहीत. समज २००, २७५, ३५०, ४२५, ५०० आणि सहाव्याला ५२५ आले. सहा महिन्यांत ८७५ बिलं कमी पडली, म्हणजे ६५,१००. एवढे पैसे सहीच्या दिवशी अनामत आणि सजावट सोडून वेगळे हवेत. आगाऊ विकलेली पॅकेजेस यात धरू नकोस. ते पैसे आज आले तरी ती सेवा अजून द्यायची आहे, आणि ती देताना कमिशन आणि सामान दोन्ही लागणार आहे.

सजावटीचा वाटा मी २,००० धरला तो ७२,००० ला ३६ महिन्यांनी भागून, कारण तुझा करार तेवढाच आहे. टाइल्स दहा वर्षं टिकतील हे खरं, पण तू निघालीस की त्या मालकाच्या. करार जितका छोटा, तितका हा वाटा मोठा.

मालकाशी बोलताना भाडं कमी करा म्हणून हट्ट धरण्याआधी काम चालू असेपर्यंतचे दोन महिने बिनभाड्याचे माग. भाडं आणि मेंटेनन्स मिळून ते २७,०००, म्हणजे ३६३ डोकी, तीही तू कात्री हातात घेण्याआधी वाचलेली. लॉक-इन किती महिन्यांचं आहे आणि मधेच सोडलं तर किती भरायचं, तेही विचार. त्याचीही डोकी काढ.

येत्या शनिवारी संध्याकाळी आणि मंगळवारी सकाळी, दोन्ही वेळा तिथल्या दुसऱ्या सलोनसमोर दोन-दोन तास उभी राहा. आत जाणारे मोज, कटवाले किती आणि किती जण तासाभरानंतरही बाहेर येत नाहीत ते लिही. तो कागद आणि भाडेकराराचा मसुदा मला पाठव. तोवर टोकन देऊ नकोस.

तुझी,
मावशी