सासरी आल्यावरच नाडी का वाढली?

ताई, नमस्कार. मी २८ वर्षांची, पहिलटकरीण. डिसेंबरात माहेरी बार्शीला नॉर्मल बाळंतपण झालं, मुलगी आहे. मार्चमध्ये सोलापूरला सासरी आले. हातात स्मार्टवॉच असतं. गरोदर राहण्याआधी माझी रेस्टिंग पल्स ६४ असायची, नवव्या महिन्यात ८४ झाली, बाळ दीड महिन्याचं असताना ६२ वर आली. गेल्या महिन्यापासून मात्र चढत चढत ८१ झाली आहे. एचआरव्ही ४८ चं २६ वर आलंय आणि घड्याळ रोज 'ताण जास्त' दाखवतं. आधी लेक दर दोन तासांनी प्यायला उठायची, आता रात्रीतून तीनदाच उठते. तरी ती झोपल्यावर मला झोप लागत नाही. छाती धडधडते, हात थरथरतात, वजन पटापट उतरलंय, केस गळतात म्हणून गोळ्या घेते. सासूबाई म्हणतात, घड्याळ काढून ठेव. हे म्हणतात, तुला आमच्या घरी करमत नाही म्हणून टेन्शन घेतेस. मलाही तसंच वाटायला लागलंय. मी काय करू?

– एक वाचक, जुळे सोलापूर

बाळा,

सासरचा आणि तुझ्या नाडीचा संबंध जोडायची घाई तूही करू नकोस आणि तुझ्या नवऱ्यालाही करू देऊ नकोस. तुझ्या पत्रातल्या आकड्यांवरून मला वाटतं की या आठवड्यात तू थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावीस. असं का वाटतं ते नीट सांगते, म्हणजे घरच्यांना समजावणं तुला सोपं जाईल.

गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि ते फिरवायला हृदयाला जास्त काम पडतं. म्हणून शेवटच्या महिन्यांत नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढते. तुझी ८४ झाली होती, त्यात वावगं काही नव्हतं. बाळंत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे आणि घामावाटे जादा पाणी निघून जातं आणि साधारण सहा आठवड्यांत बहुतेक बायकांची नाडी जुन्या जागी येते. काही जणींची थोडे दिवस आधीपेक्षाही खाली जाते. तुझी ६२ वर आली, म्हणजे हा टप्पा तू व्यवस्थित पार केलास. हृदयाला पूर्ण पूर्ववत व्हायला पुढे आणखी काही महिने लागतात, पण त्या काळात नाडी पुन्हा वर चढत नाही.

तुझी चढली आहे. याला झोप कारण असेल का? मोडक्या झोपेने नाडी वाढते हे खरं आहे. रात्रीची सगळ्यात खालची नाडी सलग काही तास झोप झाल्यावर, पहाटेकडे मिळते. दर दोन तासांनी उठून बसणाऱ्या आईच्या घड्याळाला ती नोंदवायची संधीच मिळत नाही. पण झोपेचे सगळ्यात जास्त हाल होत होते तेव्हा तुझी नाडी ६२ होती आणि लेक जरा जास्त वेळ झोपू लागल्यावर ती ८१ झाली. झोप दोषी असती, तर हे नेमकं उलट घडलं असतं.

रक्त कमी असल्यानेही नाडी वाढते. पण बाळंतपणात रक्त जास्त गेलं असतं, तर नाडी पहिल्या आठवड्यांपासूनच वर राहिली असती, खाली येऊन मग चढली नसती. तरी हिमोग्लोबिन तपासच, कारण आपल्याकडे बऱ्याच जणींचं ते गरोदरपणातच कमी असतं. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या लोहाच्या गोळ्या बऱ्याच जणी चाळिसाव्यालाच सोडून देतात. तूही सोडल्या असशील तर पुन्हा सुरू कर.

उरला आपला उन्हाळा. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पोट सुटेल म्हणून पाणी कमी पी, असं बाळंतिणीला सांगणारी घरं अजून आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं. घाम वेगळाच. पाणी कमी पडलं की नाडी वाढते. याची शहानिशा तुला घरीच करता येईल. पहाटे हवेत गारवा असताना लेकीला पाजून घे. मग पाच मिनिटं निश्चल पडून राहा आणि मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोज. चहा त्यानंतर. असे पाच दिवस आकडे लिही आणि त्या दिवसांत तहानेपेक्षा जरा जास्तच पाणी पी. आकडा सत्तरच्या खाली आला, तर उन्हाचा वाटा मोठा होता. ऐंशीच्या आसपासच राहिला, तर कारण आत आहे. तपासणी मात्र या पाच दिवसांसाठी अडवून ठेवू नकोस.

माझा रोख थायरॉइडवर का आहे? बाळंतपणानंतरच्या वर्षात काही बायकांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. गरोदरपणात शांत बसलेली रोगप्रतिकारशक्ती नंतर उसळते आणि स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. त्यात ग्रंथीत साठलेलं हार्मोन रक्तात गळू लागतं. हे साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतं. तू चौथ्यात आहेस. धडधड, थरथरते हात, उतरणारं वजन, चिडचिड आणि बाळ झोपलं तरी डोळा न लागणं, ही त्याचीच लक्षणं आहेत. नेमक्या याच सुमाराला आपल्याकडची मुलगी माहेरून सासरी येते आणि मग सगळं खापर सासरवर किंवा सुनेच्या स्वभावावर फुटतं. बाळंतिणींच्या वॉर्डात काम करताना मी हे पुष्कळ पाहिलं आहे. अशा चुकीच्या निदानाने नात्यांचं जे नुकसान होतं, ते गोळीने भरून निघत नाही.

टीएसएच, फ्री टी-४ आणि सीबीसी एवढ्या तपासण्या सांग. त्याआधी केसांच्या गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलं आहे ते बघ. त्यात बहुधा बायोटिन असेल. जास्त मात्रेतलं बायोटिन काही यंत्रांवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकवतं. टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-४ खोटं जास्त, म्हणजे अगदी मला शंका आहे तसंच चित्र उभं राहतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या गोळ्या बंद ठेव आणि डॉक्टरांना तसं सांग. तसंही चौथ्या महिन्यातली केसगळती बहुतेकींची काही महिन्यांत आपोआप थांबते.

टीएसएच कमी आलं तर फिजिशियनकडे जा. ग्रंथी सुजून साठा गळतोय, की ग्रेव्हज आजारात होतं तसं जास्तीचं हार्मोन बनतंय, हे ते ठरवतील. त्यासाठी अँटिबॉडीची रक्ततपासणी असते. किरणोत्सारी आयोडीनचा स्कॅन सुचवला, तर 'मी अंगावर पाजते' हे पहिल्यांदा सांग. नुसती सूज असेल तर हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो, कारण जादा बनतच नसतं. फार धडधड असेल तर थोडे आठवडे प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी कमी मात्रेत देतात. ती घेऊन दूध पाजता येतं. दम्याचा त्रास असेल तर मात्र तो आधी सांगायचा.

आता त्या एचआरव्हीबद्दल. दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी किंचित बदलतं. त्या बदलाचा हा आकडा आहे. नाडी ६४ असताना दोन ठोक्यांत सुमारे ९४० मिलिसेकंद असतात, ८१ झाली की ७४० उरतात. जागाच कमी झाली की कमी-जास्त व्हायला वावही कमी उरतो. त्यामुळे तुझं ४८ चं २६ होणं ही दुसरी वाईट बातमी नाही. पहिलीच बातमी घड्याळाने पुन्हा सांगितली आहे. शिवाय हा आकडा एका रात्रीत बराच वरखाली होतो, आणि तीनदा उठणाऱ्या बाईच्या बाबतीत तर त्यावर विसंबू नये. 'ताण जास्त' हा शेराही त्याच आकड्यांवरून येतो. तुझ्या मनात काय चाललंय हे घड्याळाला कळत नाही. तो पडदा बंद करून टाक. सासूबाईंचं एवढं ऐकायला हरकत नाही.

पुढचं मात्र नीट लक्षात ठेव, कारण इथे घड्याळ फसवतं. साठा गळून संपला की एक-दोन महिन्यांत नाडी आपोआप उतरते आणि एचआरव्ही वाढतो. घड्याळात सगळं छान दिसतं, घरचे म्हणतात, बघ, रुळली. पण काही बायकांची ग्रंथी याच वेळी थंडावते आणि हार्मोन कमी पडू लागतं. थकवा, बद्धकोष्ठता, सुजरा चेहरा, वाढणारं वजन, उदासी, कधी दूध कमी होणं, असं सुरू होतं. नाडी साठीत आली म्हणजे बरी झाले, असं तेव्हा समजू नकोस. दर चार ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचं. बहुतेक जणी वर्षाच्या आत पूर्ववत होतात, काहींना गोळी कायमची लागते. म्हणून नंतरही वर्षातून एकदा तपासायचं, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टरांना हे आधीच सांगायचं, कारण ते पुन्हा होण्याचा संभव असतो.

खरी सुधारणा कशी ओळखायची? सकाळची मोजलेली नाडी दोन-तीन आठवडे जुन्या जागेच्या जवळ टिकते. जिना चढून आल्यावर वाढलेली धडधड लवकर बसते. लेक झोपली की तुलाही झोप लागते. एचआरव्ही सगळ्यात शेवटी, तुला सलग चार-पाच तास झोप मिळू लागल्यावर सावरतो. त्यासाठी आत्ताच एक सोय कर. रात्री नऊला पाजून तू झोप, एकपर्यंत लेक सासूबाईंजवळ राहू दे. मधलं दूध काढून ठेव. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते खोलीत ठेवायचं नाही, लगेच फ्रीजमध्ये ठेवायचं आणि वाटी-चमच्याने पाजायचं.

रिपोर्ट सगळे नॉर्मल आले आणि झोप तरीही लागत नसेल, मन सतत भीतीने किंवा रडण्याने भरलेलं असेल, तर त्यालाही उपचार असतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना तसं सांग, ते थोडे प्रश्न विचारून अंदाज घेतात.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. उताणं झोपल्यावर दम लागणं, दोन्ही पायांवर सूज, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज आणि कळ, चक्कर येऊन पडणं, किंवा पडून असताना नाडी १२० च्या वर, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखान्यात जा. रात्र असेल तर सिव्हिलला जा. बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत क्वचित हृदयाचे स्नायू कमजोर होतात आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही या काळात नेहमीपेक्षा जास्त असतो.

हे पत्र नवऱ्याला वाचायला दे. रोज सकाळी तुझं घड्याळ बघण्याऐवजी रक्त द्यायला त्यांनी तुझ्याबरोबर यावं. फिजिशियनच्या खोलीतही आत येऊन बसावं आणि तुझ्यात काय बदल झाले, कधीपासून झाले, ते स्वतः सांगावं.