घाम येतोय म्हणून गाफील राहू नकोस

सरावात होणाऱ्या उष्माघातात पोराचं अंग घामाने निथळत असू शकतं, त्यामुळे त्वचा कोरडी पडायची वाट बघू नकोस. लक्ष ठेवायचं ते वागण्यावर. खो-खोत पळताना पोरगा अडखळला, भलत्याच दिशेला वळला, उगाच चिडला, तर विचार, "आत्ता कुणाचा डाव चाललाय?" उत्तर असंबद्ध आलं की एकाला १०८ लावायला सांग. पोराला लगेच सावलीत ताडपत्रीवर घे, चौघांनी कडा उचलून धरा, बर्फाचं पाणी ओता आणि ते अंगावर सतत हलवत राहा. डोकं पाण्याबाहेर धरा. बरळत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो, म्हणून आधी गार करा, मग दवाखान्यात हलवा. बर्फ आणि ताडपत्री शिट्टी वाजायच्या आधीच मैदानावर हवी.