साठ लाखांची पुंजी, महिना पस्तीस हजारांचा खर्च

प्रश्न: माझे वय ६० आहे, पेन्शन नाही, जवळ ६० लाख रुपये आहेत. ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला ४.२ लाख येतात आणि आमचा खर्चही महिना ३५ हजारच आहे. म्हणजे मुद्दलाला हात लागणार नाही ना?

उत्तर:

हात पहिल्याच वर्षी लागेल, आणि महागाई दरवर्षी ६ टक्के राहिली तर ही रक्कम सोळाव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात, म्हणजे तुमच्या पंचाहत्तरीनंतर थोड्याच दिवसांत संपेल.

हिशेब सोपा राहावा म्हणून मी असे धरले आहे की, वर्षभराचा खर्च तुम्ही वर्षाच्या सुरुवातीला बचत खात्यात काढून ठेवता आणि उरलेल्या रकमेवर ७ टक्के व्याज मिळते. पहिल्या वर्षी ४.२ लाख काढले की ५५.८ लाख उरतात, त्यांवर सुमारे ३.९ लाख व्याज येते आणि वर्षाअखेर शिल्लक ५९.७ लाख होते. दुसऱ्या वर्षी त्याच घरखर्चाला ४.४५ लाख लागतात आणि वर्षाअखेर ५९.१ लाख राहतात. दोन वर्षांत एक लाखही कमी झालेले नसल्यामुळे पासबुकाकडे पाहून काही बिघडते आहे, असे कोणालाही वाटणार नाही. पाच वर्षांनंतर शिल्लक ५५.२ लाख असते. दहा वर्षांनंतर मात्र ती ३८.८ लाखांवर येते, आणि पंधराव्या वर्षाच्या अखेरीस २.६ लाख उरतात, तेव्हा सोळाव्या वर्षाचा खर्च १० लाखांच्या पुढे गेलेला असतो. पहिल्या पाच वर्षांत पाच लाखांपेक्षा कमी घट आणि शेवटच्या पाच वर्षांत छत्तीस लाखांची, असा हा उतार आहे. वर्षभराचे पैसे एकदम न काढता दरमहा काढलेत, तर ही मुदत सुमारे अर्ध्या वर्षाने लांबेल, त्याहून जास्त नाही.

माझ्या वडिलांचेही असेच झाले होते. ते खासगी कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा ठेवींचे व्याज घरखर्चापेक्षा थोडे जास्तच येत असे, आणि घरखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते दर एप्रिलमध्ये एकच वाक्य लिहीत: ‘मुद्दल शाबूत.’ आठव्या वर्षी त्यांनी पहिली पावती मोडली. त्या वहीत वाणसामान, दूध, औषधे यांचे सगळे आकडे होते, पण खर्च किती पट झाला हे त्यांनी कधी मांडले नव्हते. ६ टक्के दराने खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो, व्याज मात्र त्याच मुद्दलावर तेवढेच राहते.

यातून एक सोपे माप मिळते, आणि माझ्या मते तेच तुम्ही धरून ठेवावे. व्याजदर आणि महागाई समान असतील, तर व्याज फक्त महागाईची भरपाई करते आणि पुंजी किती वर्षे पुरेल याचे उत्तर निव्वळ भागाकाराने येते: ६० भागिले ४.२, म्हणजे १४.३ वर्षे. तुमचे व्याज महागाईपेक्षा एक टक्क्याने जास्त आहे, त्यामुळे १४.३ ची १५.३ होतात. एवढ्या मोठ्या रकमेवरच्या व्याजातून जास्तीचे मिळाले ते एवढेच. उलट महागाई ७ आणि व्याज ६ टक्के झाले, तरी साडेतेरा वर्षे निघतात.

म्हणूनच एका टक्क्याने जास्त व्याज कुठे मिळेल, यासाठी फार धावाधाव करण्याच्या मी विरोधात आहे. ७ ऐवजी ८ टक्के मिळाले तरी मुदत फक्त सव्वा वर्षाने, म्हणजे साडेसोळा वर्षांच्या आसपास जाते, आणि त्या जादा टक्क्यासाठी लोक कुठल्या पतपेढीत पैसे टाकतात हे आपण पाहतोच. खर्चाचा परिणाम याहून कितीतरी मोठा आहे. पहिल्या वर्षाचा खर्च महिना ३५ ऐवजी २५ हजार असेल, तर त्याच ७ आणि ६ टक्क्यांत पुंजी २२ वर्षे पुरते. नव्वदीपर्यंतची ३० वर्षे काढायची असतील, तर सुरुवात महिना १९ हजारांपासून करावी लागेल, नाहीतर ३५ हजारांसाठी सुमारे १ कोटी १० लाख हवेत. आणि मुद्दल कधीच संपू नये असे म्हणत असाल, तर पहिल्या वर्षी महिन्याला फक्त ४,६७० रुपये काढता येतील, कारण ७ आणि ६ मधला तो एक टक्काच खऱ्या अर्थाने तुमचा आहे.

स्वतःचे आकडे घालून पाहायचे असतील, तर एक्सेलमध्ये हे सूत्र लिहा:

```
=NPER(1.07/1.06-1, -420000, 6000000, 0, 1)
```

उत्तर १५.२६ येते. यात 1.07 हा व्याजाचा आणि 1.06 हा महागाईचा आकडा आहे, आणि शेवटचा 1 म्हणजे पैसे वर्षारंभी काढले. खर्चाच्या आकड्यामागचे उणे चिन्ह विसरलात, तर उत्तरही उणे येते. `#NUM!` अशी चूक दिसली, तर तुम्ही घातलेल्या आकड्यांत पुंजी संपतच नाही असा अर्थ होतो. तेव्हा आनंद मानण्याआधी महागाईचा आकडा फार कमी धरला नाही ना, हे तपासा. व्याजदर नेहमी कर वजा जाता जो हातात पडतो तोच घ्यावा.

या सगळ्याची मर्यादा अशी की, सूत्र दोन्ही दर वर्षानुवर्षे स्थिर धरते आणि प्रत्यक्षात तसे होत नाही. २०२०-२१ मध्ये महागाई ६ टक्क्यांच्या आसपास होती आणि मोठ्या बँकांच्या ठेवींचा दर त्याहूनही खाली गेला होता. त्या वर्षी ज्यांच्या पावत्या एकदम मुदतपूर्तीला आल्या, त्यांना पुढची अनेक वर्षे कमी दराने काढावी लागली. म्हणून सर्व रक्कम एकाच तारखेला गुंतवू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि पैसे गुंतवताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही, एवढा तिचा उपयोग निश्चित आहे. मात्र ते व्याज दर तिमाहीला हाती येते. ते खर्चून टाकले आणि पुन्हा गुंतवले नाही, तर वरचा हिशेब लागू होत नाही. दुसरे म्हणजे तुमची महागाई ही सरकारी आकड्यातली महागाई असेलच असे नाही. सत्तरीनंतर औषधपाणी आणि आरोग्य विम्याचा हप्ता हेच खर्चाचे मोठे भाग होतात, आणि ते वाणसामानाच्या गतीने वाढत नाहीत.

दर एप्रिलमध्ये एकच भागाकार करा: त्या दिवशीची शिल्लक भागिले येत्या वर्षाचा खर्च. तुमच्या बाबतीत तो आज १४.३ आहे, सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला ९.८ आणि अकराव्या वर्षी ५.२ होईल. वर्षाला एकपेक्षा थोडा कमी उतरत असेल, तर हिशेब ठरल्याप्रमाणे चालला आहे. एखाद्या वर्षी तो दीडने किंवा दोनने उतरला, तर त्या वर्षी काढायची रक्कम वाढवू नका. खर्चाची वाढ एक वर्ष थांबवली तरी तो आकडा लगेच वर येतो. आणि आज तुम्हाला माझा सल्ला हवा असेल, तर ३५ हजारांतले कोणते दहा हजार टाळता येतील, हे घरात बसून आत्ताच ठरवा, कारण हीच कपात सत्तरीत केली तर तिने सात वर्षे वाढत नाहीत.